मुंबईच्या वर्तुळात हरवलेलं ठाणे

कोणत्या शहरात किती माल खपला हे नकाशावर दाखवायचं झालं, तर सगळ्यांत आधी सुचणारा मार्ग म्हणजे बबल मॅप. प्रत्येक शहराच्या जागी एक वर्तुळ काढायचं. विक्री जास्त असेल तिथे वर्तुळ मोठं, कमी असेल तिथे लहान. कंपन्यांच्या बैठकींत, वर्तमानपत्रांच्या अर्थपानांवर, निवडणुकीच्या विश्लेषणात असे नकाशे आता नेहमी दिसतात. नागपूर, सोलापूर, नांदेड अशी मोकळ्या जागेतली शहरं त्यावर छान उठून दिसतात. नजर कोकणपट्टीच्या वरच्या टोकाकडे गेली, की मात्र चित्र बदलतं. तिथे मुंबईचं एक भलंमोठं वर्तुळ असतं आणि ठाणे, नवी मुंबई, भिवंडी यांचा पत्ताच नसतो. त्यांची विक्री शून्य नसते. त्यांची वर्तुळं मुंबईच्या वर्तुळाखाली गाडली गेलेली असतात.

ही अडचण अपघाताने येत नाही. माणसं दाटीने राहतात तिथेच शहरं एकमेकांना खेटून असतात, तिथेच विक्री सर्वाधिक असते आणि म्हणून तिथलीच वर्तुळं सर्वांत मोठी होतात. म्हणजे जिथे जागा सर्वांत कमी, तिथेच ती सर्वांत जास्त लागते. बबल मॅप करणाऱ्याला या पेचातून वाट काढावीच लागते. ती कशी काढायची हे समजायला आधी वर्तुळाचा आकार कसा ठरतो ते पाहावं लागेल.

आकार म्हणजे क्षेत्रफळ

आकड्याच्या प्रमाणात वर्तुळ काढण्याची कल्पना जुनी आहे. विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ सालच्या आपल्या पुस्तकात देशांच्या विस्ताराची तुलना वर्तुळांनी केली होती. फ्रेंच अभियंता शार्ल जोसेफ मिनार यांनी १८५८ मध्ये फ्रान्सचा एक नकाशा केला. पॅरिस शहराला कोणत्या जिल्ह्यातून किती मांस पुरवलं जातं, हे त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यावर वर्तुळं काढून दाखवलं. जास्त पुरवठा असेल तिथे मोठं वर्तुळ, आणि त्या वर्तुळाचे पुन्हा मांसाच्या प्रकारानुसार भाग. आजच्या भाषेत तो बाजारपेठेचा बबल मॅपच होता.

या नकाशांचा पायाभूत नियम असा, की आकडा वर्तुळाच्या क्षेत्रफळात दिसला पाहिजे, व्यासात किंवा त्रिज्येत नाही. कारण साधं आहे. दुप्पट व्यासाची भाकरी थापायची तर जाडी तीच ठेवूनही पीठ चौपट लागतं. डोळ्यालाही ती भाकरी दुपटीपेक्षा पुष्कळ मोठी दिसते. म्हणून चौपट विक्रीसाठी त्रिज्या दुप्पट करायची, नऊपट विक्रीसाठी तिप्पट, शंभरपट विक्रीसाठी दहापट. थोडक्यात, त्रिज्या विक्रीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवायची:

```
r = R * sqrt(v / vmax)
```

इथे `v` म्हणजे त्या शहराची विक्री, `vmax` म्हणजे सर्वाधिक विक्री आणि `R` म्हणजे सर्वांत मोठ्या वर्तुळाला आपण देणार असलेली त्रिज्या.

हा नियम मोडला की नकाशा खोटं बोलू लागतो. समजा मुंबईची विक्री १०० लाख आहे आणि ठाण्याची २५ लाख, म्हणजे चौथा हिस्सा. त्रिज्याच विक्रीच्या प्रमाणात ठेवली, तर मुंबईला १० मिलिमीटर आणि ठाण्याला अडीच मिलिमीटर त्रिज्या मिळेल. मग ठाण्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ मुंबईच्या सोळाव्या हिश्शाइतकं उरेल. विक्री एक चतुर्थांश आणि दिसतं एक षोडशांश.

ही चूक घडते कारण सगळ्या सॉफ्टवेअरचा रिवाज एक नाही. प्लॉटलीमध्ये `sizemode` ही सेटिंग मुळात `'diameter'` असते. ती हाताने `'area'` करावी लागते. मॅटप्लॉटलिबच्या `scatter` मध्ये `s` ही किंमत मुळातच क्षेत्रफळाची असते, म्हणून तिथे आधीच वर्गमूळ काढून दिलं तर उलटी चूक होते आणि लहान शहरं फुगलेली दिसतात. एक्सेलच्या बबल चार्टमध्येही आकार क्षेत्रफळाने मोजायचा की रुंदीने, हा पर्याय निवडता येतो. छापलेला नकाशा हाती आला तर पट्टी घेऊन तपासता येतं. ज्यांचे आकडे दिलेले आहेत अशी दोन शहरं घ्यायची आणि व्यास मोजायचे. आकडा चौपट असेल तर व्यास दुप्पट भरला पाहिजे. तो चौपट भरला, तर नकाशा करताना क्षेत्रफळाचा नियम पाळलेला नाही.

डोळ्याची मर्यादाही इथे ध्यानात घ्यावी लागते. जेम्स फ्लॅनरी या अमेरिकी नकाशाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये या विषयावर प्रबंध लिहिला. माणसं मोठ्या वर्तुळांचं क्षेत्रफळ प्रत्यक्षापेक्षा कमी समजतात, असं त्याला प्रयोगांत आढळलं. उपाय म्हणून त्याने वर्गमुळाच्या ०.५ या घाताऐवजी ०.५७१६ हा घात सुचवला. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये आजही आकार ठरवण्याच्या पद्धतींत `Flannery` हे नाव दिसतं. या पद्धतीने शंभरपट विक्रीची त्रिज्या दहापट न होता जवळजवळ चौदापट होते. मोकळ्या प्रदेशात हे चालू शकतं. दाटीच्या प्रदेशात मात्र आधीच मोठी असलेली वर्तुळं आणखी मोठी होतात आणि झाकाझाक वाढते. शिवाय एखाद्या वर्तुळाचा भासणारा आकार शेजारच्या वर्तुळांवरही अवलंबून असतो. मोठ्या वर्तुळांच्या घोळक्यातलं वर्तुळ आहे त्याहून लहान वाटतं. म्हणून विक्रीच्या नकाशासाठी साधं वर्गमूळ ठेवावं आणि शेजारी नीट सूची द्यावी, हे मला जास्त भरवशाचं वाटतं. सूचीत गोल आकड्यांची तीन वर्तुळं पुरतात. आपल्या उदाहरणात १०० लाख, २५ लाख आणि ४ लाख अशी ती घेतली, तर त्यांचे व्यास २०, १० आणि ४ मिलिमीटर येतात आणि वाचकाला मधल्या आकारांचा अंदाज बांधता येतो.

कागदावरचा हिशोब

आता एक पूर्ण उदाहरण करू. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर पसरला आहे. मासिकाच्या पानावर तो १६ सेंटिमीटर रुंदीत बसवला, तर १ सेंटिमीटर म्हणजे ५० किलोमीटर असं प्रमाण येतं. समजा एका मसाला कंपनीची महिन्याची विक्री दाखवायची आहे. खालचे विक्रीचे आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. शहरांमधली अंतरं मात्र खरी, सरळ रेषेतली आहेत. मुंबईचा बिंदू कुर्ल्याच्या आसपास आणि नवी मुंबईचा वाशीला धरला आहे. मुंबईच्या वर्तुळाची त्रिज्या १० मिलिमीटर ठेवू.

| शहर | विक्री (लाख रुपये) | त्रिज्या (मिमी) | मुंबईपासून कागदावरचं अंतर (मिमी) |
|---|---|---|---|
| मुंबई | १०० | १० | – |
| ठाणे | २५ | ५ | ३.५ |
| नवी मुंबई | १६ | ४ | २.७ |
| कल्याण-डोंबिवली | १६ | ४ | ६.६ |
| वसई-विरार | ९ | ३ | ७.१ |
| भिवंडी | ४ | २ | ६.५ |

दोन वर्तुळं एकमेकांवर चढणार की नाही, हे चित्र काढण्याआधीच कळतं. दोन केंद्रांमधलं अंतर दोन त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर वर्तुळं एकमेकांना कापतात. आणि अंतर अधिक लहान वर्तुळाची त्रिज्या ही बेरीज मोठ्या वर्तुळाच्या त्रिज्येपेक्षा कमी भरली, तर लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात पूर्ण जातं.

ठाण्याला हे लावून पाहू. अंतर ३.५ आणि त्रिज्या ५ मिळून ८.५ मिलिमीटर होतात. मुंबईची त्रिज्या १० आहे, म्हणजे ठाणे संपूर्णपणे आत. नवी मुंबईची बेरीज ६.७ आणि भिवंडीची ८.५, तीही आत. वसई-विरारची बेरीज १०.१ येते, म्हणजे तिची जेमतेम एक कड बाहेर डोकावते. कल्याण-डोंबिवली अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त बाहेर येतं. मुंबईचं वर्तुळ शेवटी काढलं गेलं, तर पाच शहरांची ७० लाखांची विक्री नकाशावरून पुसली जाते. पुण्याकडेही हीच गत होते. पुण्याची विक्री ६४ लाख धरली तर त्रिज्या ८ मिलिमीटर येते. पिंपरी-चिंचवड तिथून कागदावर ३ मिलिमीटरवर आहे. त्याची विक्री २५ लाख धरली तर त्रिज्या ५, बेरीज ८. पिंपरी-चिंचवड पुण्याच्या वर्तुळाला आतून टेकलेलं, पण संपूर्ण आत. याउलट मुंबई आणि पुणे यांच्यात २४ मिलिमीटर अंतर आहे आणि त्रिज्यांची बेरीज १८ आहे, म्हणून त्या दोघांचं एकमेकांशी भांडण नाही.

जे झाकलं गेलं ते किरकोळ होतं, असंही समजू नये. २०११ च्या जनगणनेत मुंबई महापालिकेची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि ठाणे महापालिकेची सुमारे १८ लाख. आपल्या उदाहरणातली विक्री या लोकसंख्येवर वाटली, तर मुंबईत माणशी सुमारे ८० पैसे पडतात आणि ठाण्यात सुमारे १ रुपया ३६ पैसे. मसाला माणशी जिथे जास्त खपतो ते शहर नकाशावर दिसतच नाही, आणि पुढची दुकानं कुठे काढायची हा निर्णय त्याच नकाशावरून होणार असतो.

पहिले सोपे उपाय आणि त्यांची मर्यादा

पहिली गोष्ट म्हणजे वर्तुळं काढण्याचा क्रम. मोठं वर्तुळ आधी काढायचं, लहान त्याच्यावर. सॉफ्टवेअर सहसा नोंदी ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने वर्तुळं काढतं, म्हणून नोंदी विक्रीनुसार उतरत्या क्रमाने लावून द्यायच्या. एवढ्यानेच ठाणे पुन्हा दिसू लागतं. प्रत्येक वर्तुळाला पांढरी बारीक कड दिली, तर एकाच रंगाची वर्तुळंही एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात.

दुसरा उपाय म्हणजे रंग अर्धपारदर्शक करणं. खालचं वर्तुळ वरच्यातून दिसतं, त्यामुळे दोन वर्तुळं असतील तर हे उत्तम चालतं. पाच-सहा वर्तुळांच्या गर्दीत मात्र ते नवा गोंधळ उभा करतं. रंग निम्मा पारदर्शक असेल, तर दोन वर्तुळं एकमेकांवर येतात तिथे रंगाची दाटी ७५ टक्के होते आणि तीन येतात तिथे ८७ टक्क्यांच्या पुढे जाते. वाचकाला गडद भाग म्हणजे जास्त विक्री असं वाटतं. प्रत्यक्षात त्या गडदपणाला काहीच अर्थ नसतो. तो फक्त वर्तुळं एकावर एक पडल्याने आलेला असतो. रंगातून नफा किंवा वाढीचा दर यांसारखी दुसरी माहिती द्यायची असेल, तर पारदर्शकता ती माहितीही गढूळ करते.

या दोन्ही उपायांनंतरही एक प्रश्न उरतो. एका वर्तुळाच्या पोटात दुसरं वर्तुळ दिसलं, की माणसाला ते पहिल्याचा भाग वाटतं. मुंबईच्या वर्तुळात ठाण्याचं वर्तुळ पाहणारा सहज समजेल, की मुंबईच्या १०० लाखांपैकी २५ लाख ठाण्याचे आहेत. खरं तर ते १०० लाखांच्या वर आहेत. नकाशाखाली एक वाक्य लिहून हा गैरसमज थोडा टळतो, पण डोळा वाक्याआधी चित्र वाचतो.

तिसरा उपाय म्हणजे सगळीच वर्तुळं लहान करणं. मुंबईची त्रिज्या १० वरून ५ मिलिमीटरवर आणली, तर ठाण्याची अडीच होते. अंतर ३.५ तेवढंच राहतं, बेरीज ६ येते आणि ठाणे एक मिलिमीटर बाहेर येतं. नवी मुंबई मात्र अजूनही आतच राहते. आणि या उपायाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. रत्नागिरीची विक्री १ लाख असेल, तर तिच्या वर्तुळाची त्रिज्या आता अर्धा मिलिमीटर उरते. छापील पानावर तो ठिपका शाईच्या डागासारखा दिसेल. म्हणून लहान करण्याची हद्द सर्वांत छोट्या शहराने ठरवायची. ते वर्तुळ छापून स्पष्ट दिसलं पाहिजे. तिथे पोचल्यावरही मुंबईची गर्दी सुटत नसेल, तर वर्तुळाचा आकार बदलून ती सुटणार नाही, हे मान्य करायचं.

चौकटीतला मोठा नकाशा

छापील पानासाठी सर्वांत प्रामाणिक उपाय म्हणजे गर्दीच्या भागाचा वेगळा, मोठ्या प्रमाणावरचा नकाशा शेजारी चौकटीत देणं. आपल्या उदाहरणात मुख्य नकाशाचं प्रमाण १ सेंटिमीटरला ५० किलोमीटर आहे. मुंबई परिसराच्या चौकटीसाठी ते १ सेंटिमीटरला १० किलोमीटर करू. सगळी अंतरं पाचपट होतात. वर्तुळांच्या त्रिज्या मात्र होत्या तशाच ठेवायच्या.

आता हिशोब बदलतो. मुंबई आणि ठाणे यांच्यात १७.६ मिलिमीटर अंतर पडतं आणि त्रिज्यांची बेरीज १५ आहे, म्हणजे दोन्ही वर्तुळं सुटी झाली. कल्याण आणि ठाणे यांच्यातलं अंतर जवळपास १७ मिलिमीटर आणि बेरीज ९. भिवंडी आणि कल्याण यांच्यात १० मिलिमीटर आणि बेरीज ६. नवी मुंबई तेवढी मुंबईला किंचित खेटते, कारण अंतर १३.६ आहे आणि बेरीज १४. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेला हा स्पर्श पांढऱ्या कडेने निभावून जातो. सहाही शहरं दिसतात, प्रत्येकाचं नाव लिहायला जागा मिळते आणि ठाण्याची तुलना थेट नागपूरशी करता येते, कारण दोन्हीकडे वर्तुळांचं मोजमाप एकच आहे.

नेमकी इथेच सर्वांत जास्त घसरण होते. घाईत नकाशाचा तेवढा तुकडा कापून चित्र म्हणून मोठं केलं जातं. चित्र मोठं केलं की अंतरं पाचपट होतात आणि वर्तुळंही पाचपट होतात. झाकाझाक होती तशीच राहते, वर चौकटीतल्या वर्तुळांना सूची लागू पडत नाही. चौकट ही नव्याने काढावी लागते. भूगोल मोठा करायचा, वर्तुळं नाही. तपासायला सोपं आहे: मुंबईचं वर्तुळ मुख्य नकाशात आणि चौकटीत दोन्हीकडे असेल, तर दोन्ही व्यास पट्टीने सारखे भरले पाहिजेत.

चौकट ठेवायची कुठे, याचं उत्तर महाराष्ट्राच्या आकारातच आहे. आपली चौकट साधारण साडेचार सेंटिमीटर रुंद आणि साडेपाच सेंटिमीटर उंच भरते. राज्याच्या नकाशात खालचा उजवा कोपरा, म्हणजे मराठवाड्याच्या दक्षिणेला आणि गडचिरोलीच्या नैऋत्येला तेलंगण-कर्नाटकचा भाग रिकामा असतो. या प्रमाणात चौकट तिथे सहज मावते. मुख्य नकाशात मुंबई परिसराभोवती बारीक चौकोन काढून तिथून चौकटीपर्यंत रेघ दिली, की वाचकाला दोन्हींचा संबंध कळतो.

एकत्र करणं आणि सरकवणं

चौकट दिली तरी मुख्य नकाशात त्या सहा शहरांचं काय करायचं हे उरतंच. तिथे त्यांची बेरीज करून एकच वर्तुळ काढता येतं. बेरीज १७० लाख होते आणि १७० चं वर्गमूळ सुमारे १३, म्हणून त्रिज्या १३ मिलिमीटर. हे वर्तुळ विक्रीच्या वजनाने काढलेल्या मध्यावर ठेवलं, तर त्याचं केंद्र कुर्ल्याहून ईशान्येला विक्रोळी-भांडुपच्या आसपास सरकतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांची बेरीज ८९ लाख, त्रिज्या सुमारे ९.४. ही दोन मोठी वर्तुळं एकमेकांना लागता लागता राहतात, त्यांच्यात मिलिमीटरभरही फट उरत नाही.

इथे त्रिज्यांची बेरीज करायची नसते, हे लक्षात ठेवावं लागतं. आधी विक्रीची बेरीज, मग वर्गमूळ. सहा त्रिज्यांची बेरीज २८ मिलिमीटर होते आणि तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ ७८४ लाखांचं ठरलं असतं.

दुसरा प्रश्न म्हणजे कोणाला एकत्र करायचं. ५० किलोमीटरच्या आतली शहरं जोडायची असा नियम केला, तर सांगली आणि कोल्हापूरही एक होतील, कारण त्यांच्यात सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर अंतर आहे. त्यांची लहान वर्तुळं मात्र एकमेकांना शिवतही नाहीत. उलट, जी वर्तुळं कापतात तेवढीच जोडायची म्हटलं, तर विक्री वाढली की शहरांची हद्दही बदलणार आणि गेल्या वर्षीच्या नकाशाशी तुलना होणार नाही. म्हणून मुंबई महानगर प्रदेश आणि पुणे महानगर प्रदेश अशा सरकारी सीमा वापरणं बरं. त्या नकाशा करणाऱ्याच्या सोयीने बदलत नाहीत. जोडलेल्या वर्तुळावर शहरांची संख्या आणि नाव लिहावंच, नाहीतर एकट्या नागपूरची तुलना सहा शहरांशी होते आणि वाचकाला ते कळतही नाही.

आणखी एक पद्धत आहे ती वर्तुळं सरकवण्याची. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ डॅनिअल डॉर्लिंग यांनी १९९० च्या दशकात ही रूढ केली आणि अशा चित्रांना त्यांचंच नाव मिळालं. यात वर्तुळं एकमेकांना ढकलतात आणि एकही झाकलं न जाता शेजार शक्य तितका टिकून राहतो. देशांची किंवा जिल्ह्यांची ढोबळ तुलना करायची असेल तर हे सुंदर दिसतं. आपल्या नकाशावर मात्र ठाण्याला मुंबईच्या बाहेर न्यायचं तर त्याचं केंद्र मुंबईपासून १५ मिलिमीटरवर, म्हणजे ७५ किलोमीटरवर जाईल. ठाणे शहापूरच्याही पलीकडे दिसेल. माल पोचवणाऱ्या गाड्यांचे मार्ग ठरवायला हा नकाशा वापरला तर घात होईल. म्हणून सरकवलेली वर्तुळं वापरायची असतील, तर राज्याच्या खऱ्या सीमारेषा मागे ठेवू नयेत, किंवा प्रत्येक सरकवलेल्या वर्तुळापासून खऱ्या जागेपर्यंत बारीक रेघ द्यावी.

पडद्यावरचा नकाशा

संगणकाच्या पडद्यावर वाचक स्वतःच नकाशा मोठा करू शकतो, म्हणून तिथे गर्दी आपोआप सुटेल असं वाटतं. ती सुटते की नाही, हे एका शब्दावर अवलंबून असतं. लीफलेट या प्रचलित साधनात वर्तुळ काढायचे दोन प्रकार आहेत. `L.circleMarker` मध्ये त्रिज्या पिक्सेलमध्ये असते. नकाशा झूम केला की अंतरं वाढतात, वर्तुळ तेवढंच राहतं आणि ठाणे हळूहळू मुंबईपासून सुटतं. `L.circle` मध्ये त्रिज्या मीटरमध्ये असते. तिथे वर्तुळ जमिनीला चिकटलेलं असतं, नकाशाबरोबर तेही वाढतं आणि कितीही झूम केलं तरी झाकाझाक तशीच राहते. झूम करूनही गर्दी फुटत नसेल, तर पहिला संशय याच गोष्टीचा घ्यावा.

जवळचे बिंदू आपोआप एका गठ्ठ्यात गोळा करणारी `Leaflet.markercluster` सारखी साधनंही मिळतात. झूम केलं की गठ्ठा सुटतो. त्यातली मेख अशी, की गठ्ठ्यावर मुळात जो आकडा येतो तो बिंदूंच्या संख्येचा असतो. मुंबई परिसराच्या गठ्ठ्यावर ६ लिहिलेलं येईल, १७० लाख नाही. पंधरा छोट्या गावांचा गठ्ठा त्याच्यापेक्षा वजनदार वाटेल. विक्रीची बेरीज दाखवायची तर `iconCreateFunction` वापरून ती स्वतः करावी लागते आणि वर्तुळाचा आकारही पुन्हा त्याच वर्गमुळाच्या नियमाने ठरवावा लागतो.

गर्दीच्या पट्ट्यात आकड्यांच्या मुळाशीही एकदा पाहिलं पाहिजे. भिवंडी हे गोदामांचं मोठं केंद्र आहे. बिलं गोदामाच्या पत्त्यावरून निघत असतील, तर मुंबई-ठाण्यात खपलेला माल भिवंडीच्या नावावर चढतो. भिवंडीचं वर्तुळ लोकसंख्येच्या मानाने फारच मोठं दिसलं, तर विक्रीची नोंद माल निघाल्याच्या पत्त्यावर आहे की पोचल्याच्या, हे आधी विचारावं. शहरं दूर दूर असतात तिथे अशी गफलत चटकन डोळ्यांत भरते. खेटलेल्या शहरांत ती शेजाऱ्यांच्या वर्तुळांत मिसळून जाते.

काय सोडायचं ते ठरवा

बबल मॅपमध्ये प्रत्येक वर्तुळाकडून दोन गोष्टी अपेक्षित असतात: ते खऱ्या जागी असावं आणि त्याचा आकार खरा असावा. मोकळ्या प्रदेशात दोन्ही सहज जमतात. दाटीत ते सगळीकडे एकदम जमत नाही, आणि कुठे तडजोड करायची हे नकाशा कशासाठी आहे यावरून ठरतं. प्रत्येक शहराचा आकडा आणि जागा दोन्ही हवी असतील, तर चौकटीतला मोठा नकाशा द्यावा आणि त्यासाठी पानावर थोडी जास्त जागा खर्च करावी. विभागांची तुलना हवी असेल, तर शहरं जोडावीत आणि शहरवार तपशील सोडावा. फक्त आकारांची तुलना हवी असेल, तर वर्तुळं सरकवावीत आणि भूगोल सोडावा. आकाराचा नियम मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, कारण तो गेला की नकाशावर वाचण्यासारखं काही उरत नाही.

आणि जे सोडलं ते लिहून टाकावं. आपल्या मसाल्याच्या नकाशाखाली मी एवढं छापेन: ‘वर्तुळाचं क्षेत्रफळ विक्रीच्या प्रमाणात आहे. मुख्य नकाशात मुंबई परिसरातली ६ आणि पुणे परिसरातली २ शहरं एकत्र दाखवली आहेत. मुंबई परिसरातली शहरं चौकटीत वेगवेगळी दिली आहेत. तिथे अंतरं पाचपट मोठी आहेत, वर्तुळांचं माप तेच आहे. विक्री माल पोचल्याच्या पत्त्यावर मोजली आहे.’ एवढी वाक्यं असली, की वाचकाला पट्टी घेऊन नकाशा तपासता येतो आणि ठाण्याचे २५ लाख त्याला मुंबईत नाही, ठाण्यात सापडतात.